स्वप्न तिचं, निकाल कोणाचा?

पेणच्या एका गणपती कारखान्यात माझी भाची रंगकाम करते. ऐन मोसमात तिला स्वप्न पडलं: फळीवर मूर्तींची रांग, एकीलाही डोळे नाहीत, हातात कुंचला आहे, पण रेघ उमटत नाही. तिच्या रोह्याच्या आत्यानं ऐकताक्षणी निकाल दिला, ‘आंधळा गणपती दिसला, कुणाच्या तरी जिवावर बेतणार.’ पोरीनं आठ दिवस कुंचला हातात धरला नाही.

आत्याचं म्हणणं असं, की वडीलधाऱ्यांनी अर्थ सांगितला की माणूस सावध होतो, आणि हे शास्त्रातच आहे. पण सावध कशापासून व्हायचं? कोण, कधी, कशानं, यातलं काहीच त्या भाकितात नाही. वर्षभरात घरात कुणी आजारी पडलं की ते खरं ठरणार, आणि खोटं तर कधीच ठरणार नाही. शास्त्राचं म्हणाल, तर चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं यांतून उपजणारी पाच निष्फळ मानली आहेत. म्हणजे फळ सांगण्याआधी स्वप्न आलं कुठून, हे तिथंही पाहावं लागतं. दिवसभर मूर्ती रंगवणारीला रात्री मूर्ती दिसली, तर आधी कारखान्याकडे बघायला हवं.

‘बिनडोळ्यांची मूर्ती म्हणजे दडपलेला अपराधगंड’ असं सांगणारा सुशिक्षित शेजारीही आत्याचाच भाऊ. त्यानं फक्त पोथी बदलली.

माँटेग्यू उलमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं स्वप्नगटांसाठी एक शिस्त घालून दिली. ऐकणाऱ्यानं ‘हे स्वप्न माझं असतं तर’ असं म्हणूनच बोलायचं, आणि स्वप्न ज्याचं, त्यानं हवं तेवढंच स्वीकारायचं, हवं तिथं थांबायचं. मी आधी भाचीला विचारलं, ‘यावर बोलायचंय का?’ ती हो म्हणाली. मग विचारलं, ‘रेघ उमटेना तेव्हा काय वाटलं?’ ‘भीती नाही, लाज.’ ‘त्या दिवसांत कारखान्यात काय चाललं होतं?’ ती जरा थांबली. ‘यंदा पहिल्यांदाच डोळ्यांची आखणी माझ्याकडे दिलीय. हात थरथरतो, पण सांगू कुणाला?’

इथं एक मोह आवरावा लागतो. ‘तुला जबाबदारीची भीती वाटते ना?’ हा प्रश्न नव्हे; निकालालाच प्रश्नचिन्ह चिकटवलेलं आहे. ओळखायची खूण सोपी: खऱ्या प्रश्नानंतर माणूस स्वतःहून पुढं बोलतो, निकालानंतर गप्प होतो. आणि तेच भयस्वप्न पुन्हापुन्हा पडून झोप उडत असेल, तर आपले प्रश्नही पुरत नाहीत. तिथं मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावं.

स्वप्नाचा अर्थ तोच होता का, हे मी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या आखणीकाराला शेजारी बसवून पहिली मूर्ती हातात घेतली.