‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा?

मराठीच्या वर्गात अर्थालंकार शिकवायचा म्हणजे एक तक्ता पाठ करून घ्यायचा, अशी रीत पडली आहे. तक्त्याच्या डाव्या बाजूला अलंकाराचे नाव, उजव्या बाजूला शब्द. सम, समान, सारखा, जैसा, परी, गत हे शब्द आले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे, की हे आले की उत्प्रेक्षा. यांपैकी काहीच नसेल आणि दोन वस्तू एक केल्या असतील तर रूपक. जे घडणे शक्य नाही ते सांगितले असेल तर अतिशयोक्ती. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हाच तक्ता आहे, शाळेच्या वह्यांत हाच आहे, आणि हिंदीच्या वर्गातही ‘सा, सी, सम’ म्हणजे उपमा आणि ‘मानो, मनु, जनु’ म्हणजे उत्प्रेक्षा असे त्याचे जुळे भावंड नांदते आहे. या तक्त्याने अलंकार ओळखता येतो हे मला मान्य नाही. त्याने फक्त शब्द ओळखता येतो, आणि तोही नीट नाही.

आधी शब्दांचेच पाहू. ‘की’ हे मराठीतले अगदी रोजचे उभयान्वयी अव्यय आहे. ‘परी’ म्हणजे ‘प्रमाणे’, तसाच तो जुन्या कवितेत ‘परंतु’ म्हणूनही येतो. ‘वाटे’ तर मनातली कोणतीही इच्छा सांगायला वापरतात. उदाहरणासाठी कोणा कवीला वेठीस न धरता मीच ओळी जुळवतो. त्यांना कविता म्हणावे असा माझा आग्रह नाही.

आज मला वाटे
परत जावे घरी

यात ‘वाटे’ आहे आणि उत्प्रेक्षा नाही. उपमेय नाही, उपमान नाही, कसलीही कल्पना नाही; घरी जावेसे वाटते एवढेच साधे विधान आहे. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी मात्र येथे बेधडक ‘उत्प्रेक्षा’ लिहितो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला जे शिकवले तेच त्याने केले.

हा रोग जुना आहे आणि त्यावरचा उताराही जुना आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या दुसऱ्या परिच्छेदात, म्हणजे सुमारे तेराशे वर्षांपूर्वी, नेमका हाच वाद घातला आहे. ‘मृच्छकटिका’त येणारा एक प्रसिद्ध श्लोक त्याने उदाहरणाला घेतला. त्याच्या पूर्वार्धाचा आशय असा: अंधार जणू अंगांना लेप देतो आहे, आकाश जणू काजळाचा वर्षाव करते आहे. मूळ संस्कृतात येथे ‘इव’ हा शब्द आहे, आणि ‘इव’ म्हणजे उपमा असे मानणारे लोक त्या काळीही होते. ते म्हणत, ‘इव’ आहे, म्हणून ही उपमा.

दंडी त्यांना विचारतो, मग यातले उपमान कोणते? अंधार हे उपमेय धरले, तर त्याची तुलना कोणाशी चालली आहे? ‘लेप देतो आहे’ हे तर क्रियापद आहे. ती एक घडत असलेली क्रिया आहे. चंद्र किंवा कमळ यांच्यासारखी आधीपासून सिद्ध असलेली वस्तू नव्हे. वैयाकरणांनी सांगूनच ठेवले आहे की क्रियापद उपमान होऊ शकत नाही. बरे, क्रियापदातून सूचित होणारा ‘लेप देणारा’ उपमान मानावा, तर तो क्रियेच्याच अधीन. तो तुलनेला स्वतंत्र उभा राहत नाही. आणि अंधार व लेप यांच्यातला साधारण धर्म कोणता? ‘लेप देणे’ हाच धर्म म्हणावा, तर धर्म आणि धर्मी एकच झाले. असे तर वेडासुद्धा बोलणार नाही, असे दंडी सुनावतो. त्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. येथे तुलना नाही. अंधार पसरणे या एका गोष्टीवर कवीने लेप देण्याची कल्पना केली आहे, म्हणून ही उत्प्रेक्षा. मन्ये, शङ्के अशा शब्दांप्रमाणे ‘इव’ हाही उत्प्रेक्षा दाखवू शकतो.

या वादाचे मोल ‘इव’च्या अर्थापुरते नाही. दंडीने आपल्याला एक कसोटी दिली. शब्द कोणता आहे हे न पाहता त्या शब्दाला काय जोडले आहे ते पाहा. जगात आधीपासून असलेली वस्तू जोडली असेल आणि दोघांत समान असा गुण सापडत असेल, तर उपमा. या ओळीपुरतीच कल्पिलेली क्रिया, कारण किंवा हेतू जोडला असेल, तर उत्प्रेक्षा. ही कसोटी मराठीला जशीच्या तशी लागू पडते. दंडीचेच काजळ घेऊन करून पाहू.

काजळासारखी काळी
रात्र उतरली गावात

रात्र उपमेय, काजळ उपमान, काळेपणा साधारण धर्म, ‘सारखी’ साम्यवाचक शब्द. चारही अंगे हजर आहेत. ही उपमा, आणि येथे तक्ताही बरोबर उत्तर देतो.

रात्र जणू काजळ फासते
घराघराच्या भिंतींना

रात्र काजळाशी ताडून पाहिलेली नाही. रात्र होण्याच्या जागी काजळ फासण्याची क्रिया कल्पिली आहे. ही उत्प्रेक्षा. तक्ता येथेही बरोबर ठरतो, पण योगायोगाने. आता यातला ‘जणू’ काढून टाका.

रात्र फासते काजळ
घराघराच्या भिंतींना

कल्पना तीच राहिली, तिला दाखवणारा शब्द गेला. काव्यशास्त्राला ही शक्यता माहीत होती. वाचकशब्द नसलेल्या उत्प्रेक्षेला गम्योत्प्रेक्षा असे नाव आहे. तक्त्याकडे मात्र येथे काहीच उत्तर नाही. फार तर तो ‘चेतनगुणोक्ती’ म्हणेल. तेही एका अंगाने खरे आहे, कारण रात्रीला हात दिले आहेत. पण काजळाचे काय झाले, याचे उत्तर त्यात येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. फक्त ‘रात्र जणू काजळ’ एवढेच शब्द असतील तर? काजळ ही जगात असलेली वस्तू आहे, म्हणून उपमा म्हणता येईल. ‘जणू’ने संभावना सुचवली आहे, म्हणून उत्प्रेक्षाही म्हणता येईल. येथे निवाडा पुढच्या ओळीवर सोपवावा लागतो.

रात्र जणू काजळ,
तितकीच गडद, तितकीच मऊ

दुसऱ्या ओळीने साधारण धर्म मोजून दाखवला. रात्र आणि काजळ या दोन वेगळ्या वस्तू राहिल्या आणि त्यांच्यात साम्य सांगितले गेले. ‘जणू’ असूनही ही उपमा.

रात्र जणू काजळ,
भिंतीला हात लावाल तर बोटे काळी होतील

आता कवी साम्य सांगत नाही. रात्र काजळच असावी असे धरून तो तिचा परिणाम कल्पितो आहे. ही उत्प्रेक्षा. पहिली ओळ अक्षरशः तीच आहे आणि अलंकार बदलला आहे. ज्या प्रश्नपत्रिकेत अशी एकच ओळ तोडून देतात आणि खाली चार पर्याय ठेवतात, त्या प्रश्नाला उत्तरच नसते. असते ती फक्त उत्तरसूची. एका परीक्षेत अशाच तोडलेल्या ओळीपुढे एका मुलीने ‘उपमा’ लिहून शेजारी उपमेय, उपमान आणि साधारण धर्म असे तिन्ही नीट मांडलेले मी पाहिले. तिला शून्य मिळाले. ‘जणू’ होता ना.

अतिशयोक्तीच्या बाबतीत तक्ता दुसऱ्या बाजूने लंगडा पडतो. तेथे शब्द नाहीत, म्हणून ‘हे शक्य आहे का?’ एवढाच प्रश्न विचारतात. पण रात्रीने काजळ फासणे तरी कुठे शक्य आहे? अशक्यता सगळ्या कल्पनाविलासात असते, तिने अतिशयोक्ती वेगळी काढता येत नाही. पुढील दोन उदाहरणे पाहा.

रात्र इतकी काळी झाली,
चंद्र उगवला, तोही दिसेना

गावावर आज कुणी
काजळाची डबी उलटली

पहिल्यात रात्रीचा एक गुण, काळेपणा, लोकव्यवहाराच्या मर्यादेपलीकडे ताणला आहे. दंडीची अतिशयोक्ती हीच, आणि आपल्या शालेय व्याख्येचा सूरही हाच. दुसऱ्यात रात्र हा शब्दच नाही. उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अतिशयोक्तीचा पहिला प्रकार सांगितला तो हा. विद्यार्थी याला बहुधा रूपक म्हणतो. पण ‘रात्रीचे काजळ लेऊन गाव निजला’ असे म्हटले तर ते रूपक, कारण तेथे रात्र आणि काजळ दोघेही ओळीत उभे आहेत आणि कवी त्यांना एक करतो आहे. उपमेय ओळीत आहे की नाही, एवढे पाहिले तरी हा गोंधळ मिटतो.

यावर परीक्षकांचे उत्तर मला ठाऊक आहे. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, एक प्रश्न एक उत्तर हवे, दंडी-मम्मट शाळेत कुठे आणता? दंडीचे नाव शाळेत न्यावे असे मी म्हणत नाही. त्याची कसोटी न्यावी, आणि ती तीन साध्या प्रश्नांत मावते. ओळीत जिच्याविषयी बोलणे चालले आहे ती वस्तू कोणती, आणि ती ओळीत आहे का? तिच्याजवळ आणलेले काय आहे, वस्तू की कल्पिलेली क्रिया? कवी त्यांचे नाते कसे सांगतो: हे त्यासारखे आहे, हे तेच असावे, हे तेच आहे, की पहिल्याचे नावच न घेता दुसरेच सांगतो? सातवीतले मूल या प्रश्नांची उत्तरे देऊ शकते, कारण त्यासाठी पाठांतर लागत नाही, ओळ वाचावी लागते. तपासण्याची सोयही बिघडत नाही. एक गुण अलंकाराच्या नावाला आणि एक उपमेय-उपमान दाखवण्याला ठेवा, ओळ एकटी तोडून न देता निदान पूर्ण कडवे द्या.

वाचकशब्द अगदीच निरुपयोगी आहेत असेही नाही. संस्कृतातला ‘मन्ये’, हिंदीतला ‘मानो’, गुजरातीतला ‘जाणे’, मराठीतले ‘वाटे’ आणि ‘गमे’ हे सगळे मनाच्या व्यापाराचे शब्द आहेत, आणि उत्प्रेक्षा हा मनाचाच व्यापार आहे. म्हणून ते तिच्या आसपास वारंवार आढळतात. ते साक्षीदार आहेत. त्यांची साक्ष जरूर घ्यावी. आपण मात्र साक्षीदारालाच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवले आहे, आणि तो रजेवर असला की खटलाच चालत नाही.