मेडशीतली पंधरा मिनिटं

वीकेंडला मेडशीला गेलो आणि जेवायच्या वेळी लाइट गेली. बॅगेत १० फॅरड, २.७ व्होल्टचा सुपरकपॅसिटर होता, फुल चार्ज! त्यावर लाल एलईडी लावला, करंट १० मिलिअँपिअरवर बांधून.

½CV² म्हणजे साडेछत्तीस ज्यूल. एलईडीचं सर्किट सरासरी ०.०२२५ वॅट खातं. म्हणजे २७ मिनिटं उजेड, हो ना?

छे! पंधराव्या मिनिटाला अंधार. बॅटरीसारखं इथे व्होल्टेज टिकत नाही, सरळ उतरत जातं. साधारण १.८ व्होल्टला लाल एलईडी मान टाकतो. १० × ०.९ ÷ ०.०१ = ९०० सेकंद. उरलेले सोळा ज्यूल आतच! ते हवेत तर मध्ये बूस्ट कन्व्हर्टर लावा, बॉस.