विश्लेषण : परदेशी प्लगच्या फोटोत फेज कोणती, फ्यूज किती?

दुबई किंवा लंडनहून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाईकांच्या बॅगेत हल्ली किटली, टोस्टर, इस्त्री अशी उपकरणे हमखास असतात. घरी आल्यावर कळते की जाड, चौकोनी पिनांचा तो प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मग प्लगचा आणि वायरचा फोटो काढून ओळखीच्या वायरमनला पाठवला जातो आणि ‘टॉप कापून आपला लावा’ असे उत्तर येते. बहुतेक वेळा उपकरण चालूही होते. पण कापलेल्या प्लगबरोबर वायरचे संरक्षण करणारा फ्यूजही कचऱ्यात जातो आणि वायरींच्या रंगांचा अर्थ देशागणिक बदलतो. फोटोतून नेमके काय वाचता येते, काय नाही, याचा हा आढावा.

उपकरणाच्या पट्टीवर आधी काय पाहावे?

उदाहरणादाखल दुबईहून आणलेली एक किटली घेऊ. तिच्या तळाच्या पट्टीवर ‘220-240V~ 50/60Hz 1850-2200W’ असे छापलेले आहे. व्होल्टेज आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याला जुळते, म्हणजे पहिली अट पूर्ण झाली. १८५० ते २२०० वॅट हे दोन आकडे पाहून किटलीला कमी-जास्त उष्णतेची सोय आहे असे वाटते, पण तसे नाही. आतले एलिमेंट एकच असते. ते २२० व्होल्टवर १८५० आणि २४० व्होल्टवर २२०० वॅट घेते. या आकड्यांवरून एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम निघतो आणि आपल्याकडे २३० व्होल्टवर ही किटली सुमारे २००० वॅट, म्हणजे जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेईल. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला हा भार झेपणार नाही, १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच लागेल. बाजारातले स्वस्त ‘युनिव्हर्सल अडॅप्टर’ अनेकदा ६ किंवा १० अँपिअरचे असतात. त्यामुळे अडॅप्टरवरचा आकडाही तेवढ्याच काळजीने पाहायला हवा.

वायरवरची अक्षरे काय सांगतात?

वायरच्या आवरणावर बारीक अक्षरांत ‘H05VV-F 3G1.0’ असे उमटवलेले असते. यातील ‘H05’ म्हणजे युरोपीय समान मानकाची, ३००/५०० व्होल्ट क्षमतेची वायर. ‘VV’ म्हणजे आतले आणि बाहेरचे असे दोन्ही आवरण पीव्हीसीचे, तर ‘F’ म्हणजे लवचिक. शेवटचा भाग सर्वात महत्त्वाचा. ‘3G1.0’ म्हणजे तीन तारा, त्यांतील एक हिरवी-पिवळी अर्थिंगची आणि प्रत्येक तार १ चौरस मिलिमीटरची. ‘G’च्या जागी ‘X’ असेल तर वायरमध्ये अर्थिंगची तार नसते.

ब्रिटिश प्लगच्या मानकानुसार १ चौरस मिलिमीटरची वायर १० अँपिअरपर्यंतच्या भाराला चालते. आपल्या किटलीचा प्रवाह त्याच्या आत आहे. ०.७५ची वायर ६ अँपिअरपर्यंत, तर ०.५ची वायर केवळ ३ अँपिअरच्या फ्यूजबरोबरच वापरता येते. टेबल लॅम्पसारख्या उपकरणांना बहुधा ही बारीक वायर असते. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा धोका याच बारीक वायरीशी जोडलेला आहे.

प्लगमध्ये फ्यूज कशासाठी?

तीन चौकोनी पिनांच्या या प्लगवर ‘BS 1363’ असे मानक आणि ‘FUSE 13A’ असे लिहिलेले असते. हे मानक १९४७ साली आले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये घरबांधणी करताना तांब्याची बचत व्हावी म्हणून एकाच वर्तुळाकार वायरिंगवर घरातील अनेक सॉकेट जोडण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्या वायरिंगचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा होता. लॅम्पच्या बारीक वायरीत बिघाड झाला तर तो मोठा फ्यूज वेळेत उडेलच असे नव्हते. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये त्या वायरीला शोभेल असा छोटा फ्यूज बसवण्यात आला. सुमारे ७०० वॅटपर्यंतच्या उपकरणांना ३ अँपिअरचा, त्याच रंगरूढीनुसार लाल फ्यूज. त्यापुढे १३ अँपिअरचा तपकिरी फ्यूज, असा साधारण नियम आहे. हा फ्यूज एक इंच लांबीचा असतो आणि पिनांच्या बाजूच्या छोट्या खोबणीतून बाहेर काढता येतो.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, १३ अँपिअरचा फ्यूज १४ अँपिअरला उडत नाही. २० अँपिअरच्या आसपासचा प्रवाहही तो बराच वेळ वाहू देतो. दुसरा, हा फ्यूज माणसाला झटक्यापासून वाचवत नाही. तो वायर पेटण्यापासून वाचवतो. माणसाच्या रक्षणाचे काम अर्थिंग आणि गळती ओळखणारे स्विच करते.

प्लग कापल्यावर काय बिघडते?

भारतीय थ्री-पिन टॉपमध्ये फ्यूज नसतो. आपल्याकडचे संरक्षण बोर्डातल्या एमसीबीवर अवलंबून असते. १६ अँपिअरच्या सॉकेटमागे बहुधा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी असतो. १ चौरस मिलिमीटर वायरच्या किटलीचे त्याने फारसे बिघडत नाही, कारण किटली स्वतःहून ९ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढत नाही आणि थेट शॉर्टसर्किट झाले तर एमसीबी तत्काळ पडतो. अडचण ०.५च्या वायरीची आहे. लॅम्पचा ३ अँपिअर फ्यूज असलेला प्लग कापून तिथे आपला टॉप लावला आणि आतल्या बिघाडामुळे १० अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर एमसीबीच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. वायर मात्र तापत राहते, आवरण मऊ पडते. त्यामुळे शक्य असेल तर मूळ प्लग तसाच ठेवून योग्य क्षमतेचे १३ अँपिअरचे सॉकेट किंवा अडॅप्टर वापरणे अधिक सुरक्षित. बारीक वायरीच्या उपकरणाबाबत तर हाच मार्ग धरावा.

रंगांचा घोळ नेमका कुठे होतो?

भारतीय घरातील वायरिंगमध्ये फेज लाल, न्यूट्रल काळा आणि अर्थिंग हिरवे ही जुनी ब्रिटिश पद्धत आजही रूढ आहे. तीन फेजच्या जोडणीत लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेजचे रंग. ब्रिटनने उपकरणांच्या वायरीसाठी १९७०च्या सुमारास युरोपशी जुळणारे नवे रंग स्वीकारले : फेज तपकिरी, न्यूट्रल निळा, अर्थिंग हिरवे-पिवळे. देशोदेशी रंगांचे अर्थ परस्परविरोधी होते, हे या बदलामागचे एक मोठे कारण. जुन्या जर्मन वायरींत तर लाल तार अर्थिंगची असे. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या माणसालाही दोन रंगांचा पट्टा ओळखता येतो, हा नव्या पद्धतीचा फायदा.

परिणामी आपल्याकडे ज्या निळ्या आणि पिवळ्या रंगांचा फेजशी संबंध जोडला जातो, ते किटलीच्या वायरीत न्यूट्रल आणि अर्थिंगचे आहेत. त्यात फोटो फसवतो. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत निळी तार काळी दिसते, तपकिरी तार लालसर किंवा काळपट दिसते. हिरव्या-पिवळ्या तारेची फक्त पिवळी बाजू समोर आली तर ती अर्थिंग आहे हे कळतच नाही. ती तार फेजला जोडली गेली तर किटलीच्या धातूच्या भागात थेट वीज येईल. म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावा आणि तार वळवून दोन्ही बाजूंनी टिपावी. मानकानुसार कोणत्याही १५ मिलिमीटर लांबीत हे दोन्ही रंग दिसायलाच हवेत.

अमेरिकेतून आलेल्या वस्तूंचे काय?

तिथे काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. आपल्या सवयीने काळी तार न्यूट्रलला जोडली तर उपकरण चालेल, पण त्याचे बटण न्यूट्रलवर येईल आणि बटण बंद असतानाही आत वीज राहील. त्याहून मोठा प्रश्न व्होल्टेजचा. १२० व्होल्टवर १५०० वॅट घेणारा हीटर थेट आपल्या २३० व्होल्टवर लावला तर त्याची मागणी सुमारे साडेपाच हजार वॅटवर जाते. पट्टीवर केवळ ‘120V 60Hz’ असेल, तर रंग ओळखून टॉप बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

फोटोवर कितपत विसंबावे?

उघडलेला ब्रिटिश प्लग अर्थिंगची पिन वर धरून आतून पाहिला, तर फ्यूजला जोडलेली फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असते. पिनांच्या बाजूने काढलेल्या फोटोत हेच उलटे दिसते. त्यामुळे बाजू मोजण्यापेक्षा प्लगवरची L, N आणि अर्थिंगची खूण वाचावी. बनावट प्लगही फोटोत काही अंशी ओळखता येतो. अस्सल प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांच्या मुळाशी प्लास्टिकचे आवरण असते, अर्थिंगची धातूची पिन मात्र पूर्ण उघडी असते. तिच्यावरही तसेच आवरण दिसले तर तो प्लग वापरू नये. चार्जरसारख्या दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांत ही पिन संपूर्ण प्लास्टिकची असू शकते. अशा उपकरणाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन ही खूण असते आणि त्याला अर्थिंगची गरज नसते.

प्लगवर ‘13A’ छापले असले तरी आत प्रत्यक्षात कोणता फ्यूज आहे, हे तो बाहेर काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. तारेत तांबे आहे की तांब्याचा मुलामा, हेही फोटो सांगत नाही. म्हणून अखेरची खात्री मल्टिमीटरनेच होते. किटली प्लगमधून काढलेली, तळावर ठेवलेली आणि बटण चालू असताना तपकिरी व निळ्या तारेमध्ये सुमारे २६ ओहम यायला हवेत. हिरवी-पिवळी तार आणि किटलीचा धातूचा भाग यांच्यात जवळपास शून्य, तर हिरवी-पिवळी तार आणि उरलेल्या दोन्ही तारांमध्ये काहीच जोडणी दिसता कामा नये. या तिन्ही मोजण्या जुळल्या तरच टॉप लावावा. एकही चुकली, तर फोटोतले रंग कितीही ओळखीचे वाटले तरी ते उपकरण विजेला जोडू नये.