मथळ्यात मावलेले आणि निसटलेले

मथळा हा बातमीचा सर्वांत लहान भाग असला, तरी बहुसंख्य वाचकांच्या स्मरणात तेवढाच उरतो. मजकूर अचूक आणि मथळा अतिशयोक्त, अशी जोडी जमली की मजकुराचा अचूकपणा निरुपयोगी ठरतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत नेमके हेच घडले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २६ ऑक्टोबर रोजी आपला निष्कर्ष जाहीर केला. दहा देशांतील २२ तज्ज्ञांनी आठशेहून अधिक अभ्यास तपासले होते. सॉसेज, बेकन, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस त्यांनी पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोगास कारणीभूत ठरल्याचा पुरेसा पुरावा असलेल्या पदार्थांत घातले. तंबाखू त्याच गटात आहे. झाले! सॉसेज धूम्रपानाइतकेच घातक, अशा आशयाचे मथळे दुसऱ्या दिवशी झळकले.

यात धडधडीत खोटे काहीच नव्हते. दोन्ही पदार्थ एकाच गटात होते. परंतु हे गट पुराव्याच्या बळकटीनुसार पाडलेले असतात, धोक्याच्या आकारानुसार नव्हे. कारण सिद्ध झाले आहे की नाही, एवढेच पहिला गट सांगतो. त्यामुळे किती माणसे आजारी पडतात, हे सांगत नाही. त्या वेळी संघटनेने दिलेल्या अंदाजांनुसार प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनाने होणारे कर्करोगमृत्यू वर्षाला सुमारे ३४ हजार, तर तंबाखूमुळे होणारे सुमारे दहा लाख होते. ‘इतकेच’ या एका शब्दाने हे अंतर पुसून टाकले. मूळ निवेदनात त्या शब्दाला आधार देणारे वाक्यच नव्हते आणि मथळा तपासण्याची पहिली कसोटी तीच आहे. मथळ्यातील प्रत्येक शब्दासाठी मजकुरातील एका वाक्यावर बोट ठेवता आले पाहिजे.

दुसरा सापळा आकड्याचा. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे निवेदनात होते. हा आकडा एकटाच मथळ्यात गेला, तर शंभरांतील अठरा जणांना कर्करोग होणार, असा अर्थ वाचक घेतो. समजा, एखाद्या समाजात शंभरांपैकी पाच जणांना आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. अठरा टक्के वाढ म्हणजे त्या पाचांचे जवळजवळ सहा होणे. भारतात या आजाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरेच कमी असल्याने येथे फरक आणखी लहान राहील. म्हणून असा आकडा उपमथळ्यात, रोजच्या ५० ग्रॅमच्या अटीसह द्यावा. आणि मूळ धोका किती, हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच सांगावे.

मराठी उपसंपादकापुढे आणखी एक अडचण असते. ‘प्रक्रिया केलेले मांस’ हे तीन शब्द दोन स्तंभांच्या मथळ्यात मावत नाहीत. तेथे ‘मांसाहार’ हा सुटसुटीत शब्द हाती येतो आणि घात करतो. कोंबडी व मासे या निष्कर्षात नव्हतेच. मटण ज्यात मोडते ते तांबडे मांस दुसऱ्या गटाच्या ‘अ’ वर्गात, म्हणजे ‘बहुधा कारणीभूत’ असे नोंदले होते. ‘मांसाहाराने कर्करोग’ हा मथळा कोल्हापुरातील पांढऱ्या रश्श्यापासून मालवणातील बांगड्यापर्यंत सर्वांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. शब्द आखडताना अर्थ फुगतो, तो असा.

अतिशयोक्तीच्या भीतीने उलट टोकही गाठले जाते. ‘सॉसेजमुळे कर्करोग?’ असे प्रश्नचिन्ह ठोकून मोकळे होणे सोपे असते. पण तज्ज्ञांनी हा प्रश्न निकालात काढला होता. तेव्हा ते चिन्ह सावधपणाचे नसून चुकीचे ठरले असते. ‘शक्यता’ हा शब्द मटणाच्या बाबतीत योग्य, सॉसेजच्या बाबतीत अयोग्य. क्रियापदाचे बळ पुराव्याच्या बळाइतके हवे.

मग मथळा काय असावा? ‘सॉसेज, बेकनमुळे आतड्याच्या कर्करोगाचा धोका’ हे पुरेसे आहे. पदार्थ नेमके, अवयव नेमका आणि ‘धोका’ या शब्दाने खाणाऱ्या प्रत्येकाला आजार होईलच असा दावाही टळतो. खाली उपमथळा: ‘रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोक्यात १८ टक्के वाढ, मटणाबाबत पुरावा मर्यादित’. तंबाखूचा उल्लेख मजकुरात, गटांचा अर्थ सांगताना यावा. हा मथळा थोडा फिका आहे आणि स्पर्धक दैनिकाच्या मथळ्याशेजारी तो मागे पडेल, हे खरेच. मात्र तीनच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, लोकांनी असे मांस खाणे बंद करावे असे आपण म्हटलेले नाही, सेवन कमी केल्यास धोका कमी होतो एवढेच म्हटले आहे, असा खुलासा आरोग्य संघटनेला करावा लागला. फिक्या मथळ्याला त्या खुलाशाने धक्का लागला नसता.