गुटी कशात उगाळता?

मालगुंडला काय किंवा शेजारच्या गणपतीपुळ्याला काय, घसा खवखवू लागला की रुग्ण आपल्याकडे येण्याआधी घरात कोमट पाण्यात मध ढवळून झालेला असतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. घशाचे अस्तर सुजले की त्यातली चेतातंतूंची टोके हुळहुळी होतात आणि कोरड्या हवेनेही खोकल्याची उबळ येते. मधात सुमारे ८० टक्के साखरा असतात. हा दाट द्रव अस्तरावर पसरून थोडा वेळ थर धरतो, गोडव्याने लाळ सुटते, कोमट पाण्याने चिकट स्राव सैल होतो. अर्ध्या कपात चमचाभर मध घालून घोट घोट घ्यावा. पेलाभर पाण्यात तो थर उरत नाही. मधाच्या जंतुनाशक गुणाला मात्र इथे फार श्रेय देऊ नये, कारण पातळ झालेला मध घशाला क्षणभरच लागतो.

पेनसिल्व्हेनियातल्या २००७ च्या अभ्यासात झोपण्यापूर्वी मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला काहीच न दिलेल्यांपेक्षा कमी झाला. पण ती सारी मुले दोन वर्षांपुढची होती. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला अर्धा चमचा मध बेलाशक द्यावा. त्याआधी बोटाच्या टोकाएवढाही नाही.

मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मध आम्लधर्मी, त्यात पाणी कमी, म्हणून ते तिथे रुजत नाहीत. पण मरतही नाहीत. पाणी उकळून घेतले तरी त्यांना काही होत नाही. त्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच वस्ती करून बसलेले जंतू त्यांना थारा देत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ही वस्ती अजून बसायची असते. तिथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. ते विष चेतातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन बाहेर पडू देत नाही, त्यामुळे स्नायूला निरोपच पोहोचत नाही. हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. मध घरच्या मोहोळाचा आहे, शुद्ध आहे, या खात्रीचा इथे उपयोग नाही. बीजाणू मातीतून येतात, भेसळीतून नव्हे.

समजा, तीन महिन्यांचे बाळ आरोग्य केंद्रात आले. चार दिवस शी झालेली नाही. अंगावर पिणाऱ्या बाळात हे एरवी चालून जाते. पण आई सांगते की ओढ कमी झाली आहे, दूध ओठांतून ओघळते, रडणे क्षीण झाले आहे. पापण्या अर्धवट मिटलेल्या, चेहरा भावहीन, मान लुळी. दुर्बलता डोक्याकडून खाली उतरत चालली आहे. बाहुलीवर वारंवार उजेड टाकला की तिचे आकसणे मंदावत जाते. ताप नाही.

दूध सोडलेले मलूल बाळ म्हटले की आपल्या मनात जंतुसंसर्ग येतो आणि हात जेंटामायसिनकडे जातो. संसर्ग कितीतरी पटींनी जास्त आढळतो आणि इतक्या लहान बाळात तो तापाशिवायही असतो, तेव्हा उपचार लांबवू नयेच. पण वरचे चित्र असेल तर जेंटामायसिन टाळून दुसरे प्रतिजैविक निवडावे. जेंटामायसिन स्वतःच चेता-स्नायू जोडावर दाब आणते आणि कसाबसा चाललेला श्वास थांबू शकतो.

निदान बहुधा एका प्रश्नावर अडते. ‘मध दिला का?’ असे विचारले की आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. कारण बारशाला सोन्याच्या अंगठीने चाटवलेले मध-तूप तिच्या लेखी विधी असतो, आणि सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग उगाळून आजीने चाटवलेली गुटी हे औषध. म्हणून आजीलाच विचारावे, ‘गुटी कशात उगाळता?’ चाटवल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते तीस दिवस जाऊ शकतात, तेव्हा मागच्या महिन्याचे विचारावे. सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यायचे तर गुटीला जागाच नाही. तरीही जे घर ऐकणार नाही, तिथे निदान मध तरी हटवलाच पाहिजे. खोकणाऱ्या तान्ह्याला नाकात सलाइनचे थेंब आणि वारंवार अंगावर पाजणे पुरते.

संशय आला तर बाळाला तोंडाने काही न देता, मान सरळ ठेवून, ऑक्सिजनवर नजर ठेवत, श्वासयंत्राची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे. श्वास आणि पोषण सांभाळले तर बहुतेक बाळे काही आठवड्यांत बरी होतात. विषाच्या तपासणीसाठी शीचा नमुना लागतो, म्हणून बद्धकोष्ठासाठी एनिमा देण्याची घाई करू नये. आणि चिठ्ठीत ठळक लिहावे: मध चाटवल्याचा इतिहास, शेवटचा दिवस अमुक, जेंटामायसिन दिलेले नाही.