‘मॅडम, हे बरोबर आहे का?’

शिरूरच्या एका महाविद्यालयात डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या आमच्या एका स्नेही प्राध्यापिकेने गेल्या महिन्यात एका चिठ्ठीचा फोटो पाठवला. प्रॅक्टिकलच्या वहीत टाचणीने लावलेली चिठ्ठी. लिहिणारी विद्यार्थिनी दौंड तालुक्यातली, केडगावकडून चौफुला-न्हावरेमार्गे रोज एसटीने येणारी. मजकूर असा: ‘मॅडम, असाइनमेंटमध्ये बायनरी सर्चचं स्पष्टीकरण मी माझ्या शब्दांत लिहिलंय. ते बरोबर आहे का? प्रोग्राम चालतो, पण एकदा अडकला होता.’

स्पष्टीकरण चारच ओळींचं होतं. यादी क्रमाने लावलेली हवी. मधलं नाव बघायचं. हवं ते नाव त्याच्या आधी येत असेल तर डाव्या अर्ध्यात शोधायचं, नंतर येत असेल तर उजव्या अर्ध्यात. प्रत्येक वेळी यादी निम्मी होते, म्हणून काम लवकर संपतं.

तुम्ही-आम्ही यावर बरोबरची खूण केली असती. मीही केली असती, कारण फळ्यावर हीच चार वाक्यं मी वर्षानुवर्षं लिहीत आलो. पण चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य, ‘एकदा अडकला होता’, मॅडमनी सोडलं नाही. त्यांनी वहीचं पान उलटून प्रोग्राम वाचला. त्याचा गाभा असा होता:

```c
while (low <= high) {
    mid = (low + high) / 2;
    int c = strcmp(a[mid], x);
    if (c == 0) return mid;
    if (c < 0) low = mid;
    else high = mid;
}
return -1;
```

अनुभवी नजरेला चूक लगेच दिसते: `mid + 1` आणि `mid - 1` हवं. तेवढं लाल शाईने लिहून वही परत करता आली असती. पण हा प्रोग्राम त्या मुलीच्या स्पष्टीकरणाशी तंतोतंत जुळतो, आणि प्रश्न तिने स्पष्टीकरणाबद्दल विचारला होता. ‘उजव्या अर्ध्यात शोधायचं’ असं म्हटलं, तर मधलं नाव त्या अर्ध्यात धरायचं की नाही? तिचं वाक्य त्याबद्दल काहीच सांगत नाही. तिने ते धरलं आणि `low = mid` लिहिलं. टायपिंगची चूक म्हणून हे सोडता येत नाही, कारण तिने लिहिलेल्या, म्हणजे आपणच शिकवलेल्या, वाक्याचा हा सरळ अर्थ आहे.

तिची यादी दौंड तालुक्यातल्या सात गावांची होती: कुरकुंभ, केडगाव, गिरीम, पाटस, यवत, राहू, वरवंड. क्रमांक ० ते ६. यवत शोधून बघू. पहिला `mid` ३, पाटस. यवत त्याच्यानंतर येतं, म्हणून `low` ३ झाला. पुढचा `mid` ४, यवत मिळालं. राहू तिसऱ्या पायरीला मिळतं. गिरीम, केडगाव, कुरकुंभ आणि अर्थात पाटसही मिळतात. सातपैकी सहा गावं बिनबोभाट सापडतात.

आता वरवंड. `low` ०, `high` ६, `mid` ३. मग `low` ३, `mid` ४. मग `low` ४, `mid` ५. मग `low` ५, आणि पाच अधिक सहा भागिले दोन म्हणजे पुन्हा ५. तिथे राहू आहे, वरवंड त्याच्या पुढे आहे, म्हणून `low` पुन्हा ५. इथून पुढे काहीच बदलत नाही. वरवंड सहाव्या घरात बसलेलं आहे, पण प्रोग्राम कधीच त्या घरात डोकावत नाही. यादीत नसलेलं गाव शोधलं तर त्याहून वाईट गत. मळद शोधा: `mid` ३, मग ४, मग `high` ४, मग `mid` ३, आणि मग `low` ३, `high` ४ असेच राहून त्याच त्या फेऱ्या. या प्रोग्राममध्ये `low` कधीच `high`च्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे ‘सापडलं नाही’ हे उत्तर त्याला देताच येत नाही.

तिने तीन-चार गावं शोधून पाहिली असणार, ती सापडली. एकदा कुठलं तरी शेवटचं किंवा यादीबाहेरचं नाव टाकलं असेल, तेव्हा अडकला. प्रॅक्टिकल तपासताना आपणही साधारण एवढंच करतो: एखादं मधलं नाव, एखादं सुरुवातीचं. माझी विनंती अशी की बायनरी सर्चचा प्रोग्राम समोर आला की आधी यादीतलं शेवटचं नाव द्यावं आणि मग तीन नसलेली नावं: सगळ्यांच्या आधी येणारं, सगळ्यांच्या नंतर येणारं आणि मध्ये बसणारं. या चार प्रयत्नांना दोन मिनिटं लागतात आणि `low = mid` जातीची चूक त्यातून निसटत नाही.

मग स्पष्टीकरणात काय हवं होतं? मॅडमनी ‘अर्धा’ हा शब्दच काढून टाकायला सांगितला. त्याऐवजी दोन वाक्यं. पहिलं: हवं असलेलं नाव यादीत असेलच, तर ते `low` आणि `high` या दोन घरांच्या दरम्यान, ती दोन्ही घरं धरून, असेल. दुसरं: प्रत्येक फेरीत या दोन टोकांमधली घरं निदान एकाने तरी कमी झालीच पाहिजेत. पहिलं वाक्य उत्तर चुकू देत नाही आणि दुसरं प्रोग्राम अडकू देत नाही. पाटस हे वरवंड नाही हे कळलं की पाटसचं घर दरम्यानमध्ये ठेवायचं कारण उरत नाही, म्हणून `low = mid + 1`. हे ‘अधिक एक’ मग पाठ करावं लागत नाही, ते या दोन वाक्यांतूनच निघतं: पहिलं त्याला मुभा देतं आणि दुसरं ते करायलाच लावतं. सात घरांची तीन होतात, तिनाचं एक, एकाचं शून्य. ‘निम्मी’ हेही काटेकोर नव्हतं, कारण मधलं घर दरवेळी गळतं. म्हणून सात नावांना जास्तीत जास्त तीन तुलना आणि हजार नावांना दहा.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा काथ्याकूट का, असं वाटेल त्यांच्यासाठी थोडा इतिहास. जॉन मॉकली यांनी १९४६च्या मूर स्कूलमधल्या व्याख्यानांत ही पद्धत मांडली. यादीत कितीही घटक असले तरी चालेल अशी पद्धत छापून यायला मात्र १९६० उजाडलं, ती डी. एच. लेमर यांची. आणि १९८८ साली रिचर्ड पॅटिस यांनी वीस पाठ्यपुस्तकांतली बायनरी सर्च तपासली तेव्हा फक्त पाचांतली बरोबर निघाली. ही पुस्तकं आपल्यासारख्या शिक्षकांनीच लिहिलेली होती. त्या मुलीला पडलेला प्रश्न त्या पंधरा पुस्तकांच्या वाचकांनाही पडायला हवा होता.

आपल्याकडे बारावीच्या वर्गांत आणि बऱ्याच नोट्समध्ये `BEG`, `END`, `MID`, `LOC` या नावांनी चालत आलेली मांडणी अशाच एका तपासणीला पात्र आहे. तिच्यात घरं १ पासून मोजतात. `BEG` `END`च्या पुढे जात नाही आणि `DATA[MID]` जुळत नाही तोवर फेऱ्या चालतात, प्रत्येक फेरीच्या शेवटी नवा `MID` काढतात, आणि फेऱ्या संपल्यावर शेवटची पायरी विचारते:

```
If DATA[MID] = ITEM then LOC := MID
Else LOC := NULL
```

सात धन संख्यांच्या यादीत ० शोधा. `MID` ४, मग २, मग १. १ जुळला नाही, म्हणून `END` शून्य होतो आणि नवा `MID` म्हणजे एक अधिक शून्य भागिले दोन, पूर्णांकात शून्य. फेऱ्या थांबतात आणि शेवटची पायरी `DATA[0]` वाचते. ते घर यादीत नाहीच. सी++ मध्ये अ‍ॅरे `main`च्या बाहेर जाहीर केला असेल तर त्या न वापरलेल्या घरात शून्य असतं, आणि प्रोग्राम सांगतो: सापडलं, स्थान ०. शेवटच्या पायरीत आधी `BEG <= END` आहे का हे विचारलं की दोष जातो. परीक्षेत मुलांनी पुस्तकातली मांडणी लिहिली तर गुण कापू नयेत. पण एखाद्याने ही जास्तीची अट लिहिली असेल, तर ‘पुस्तकात नाही’ म्हणून ती खोडू नये. ती का लिहिली हे त्याला विचारावं.

आता चिठ्ठीतल्या स्पष्टीकरणाची पहिली ओळ: ‘यादी क्रमाने लावलेली हवी.’ ही ओळ मला निर्दोष वाटत होती. आठ दिवसांनी त्या मुलीने दुरुस्त केलेल्या प्रोग्रामला वर्गाच्या हजेरीपटातली आडनावं दिली, देवनागरीत. हजेरीपट कार्यालयात हाताने, वर्णमालेच्या क्रमाने लावलेला. शेळके हे आडनाव यादीत डोळ्यांसमोर होतं आणि प्रोग्राम ‘सापडलं नाही’ म्हणत होता. आता तो अडकत नव्हता, ठामपणे चुकत होता.

कारण असं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. त्यामुळे हजेरीपटात शिंदे, शेवाळे, शेळके असा क्रम होता. युनिकोडमध्ये ळला ल आणि व यांच्यामध्ये जागा दिली आहे, आणि `strcmp` त्या सांकेतिक क्रमाने तुलना करतं. ही तीनच नावं घेतली तरी पुरे. मधलं शेवाळे. `strcmp`च्या लेखी शेळके शेवाळेच्या आधी येतं, म्हणून प्रोग्राम डावीकडे गेला, तिथे शिंदे भेटले आणि शोध संपला. प्रोग्रामची एकही ओळ चुकलेली नव्हती. यादीही क्रमातच होती, पण तो क्रम लावणाऱ्या माणसाचा होता आणि तुलना करणाऱ्या फंक्शनचा क्रम वेगळा होता. दौंडहून पुण्याकडे येणाऱ्या लोहमार्गावरची स्थानकंही क्रमाने असतात, पाटस, केडगाव, यवत. पण त्या यादीत स्थानकाच्या नावाने बायनरी सर्च लावता येत नाही, कारण क्रम अंतराचा आहे.

म्हणून त्या ओळीला एक तुकडा जोडायला हवा: यादी ज्या तुलनेने लावली, तीच तुलना शोधतानाही वापरली पाहिजे. अशी चूक ओळखायलाही सोपी आहे. शोधण्याआधी यादीतून एकदा सरळ जाऊन शेजारची दोन-दोन नावं त्याच फंक्शनने तपासायची. कुठे तरी पुढचं नाव आधीचं निघालं तर शोध विश्वासार्ह नाही. प्रत्येक शोधाआधी हे करण्यात अर्थ नाही, कारण मग बायनरी सर्चचा वेळ वाचतच नाही. पण यादी भरल्यावर एकदा, आणि प्रॅक्टिकलमध्ये हमखास, करावं.

मॅडमनी त्या मुलीला हजेरीपट `strcmp`नेच पुन्हा लावून शोधायला सांगितलं. शेळके सापडले. मग तिने दुसरी चिठ्ठी लावली: ‘मॅडम, आता शोध बरोबर येतो, पण छापलेली यादी कार्यालयातले काका चुकीची म्हणतात. शेवाळे आधी हवेत.’ त्यावर दोघी मिळून मराठी क्रम पाळणारं तुलनेचं फंक्शन लिहायला बसल्या आहेत. ळ बसला आहे, क्ष आणि ज्ञ यांच्याशी अजून झगडा चालू आहे, कारण युनिकोडमध्ये ती स्वतंत्र अक्षरं नाहीत, जोडाक्षरं आहेत. ते पूर्ण झालं की पुढच्या अंकात छापू.