मापाची कात्री कधी लावायची?

इंदूरच्या स्टुडिओत आज पासपोर्ट फोटोसाठी कोण येतो, ते पाहिले तर धंदा किती बदलला ते कळते. मोठ्या माणसाच्या पासपोर्टचा फोटो आता पासपोर्ट सेवा केंद्राच्या खिडकीवरच काढला जातो. फोटो घेऊन यायला सांगितले जाते ते चार वर्षांखालच्या बाळांच्या आईबापांना: 35 × 45 मिलिमीटर, पार्श्वभूमी पांढरी. दुसरे गिऱ्हाईक भंवरकुआंच्या क्लासचे विद्यार्थी. त्यांना कागदावरचा फोटो नको असतो. बँक भरतीच्या किंवा आणखी कुठल्या अर्जात चढेल अशी फाइल हवी असते. दोन्ही कामे वरवर सारखी दिसतात आणि दोन्हींत एकच घोटाळा होतो. पार्श्वभूमी आणि माप या गोष्टी आपण संगणकावर बसल्यावर ठरवतो. त्या ठरवायच्या असतात शटर दाबण्याआधी.

आधी बाळ घ्या. मान न धरणाऱ्या बाळाला आईच्या मांडीवर धरून फोटो काढला, की आईची बोटे फ्रेममध्ये येतात आणि मग ती पुसण्याचा खटाटोप सुरू होतो. त्यापेक्षा खिडकीजवळ जमिनीवर गादी घालून तिच्यावर सुरकुती नसलेली पांढरी चादर ताणावी, बाळाला उताणे निजवावे आणि वरून सरळ खाली फोटो घ्यावा. बाळाचे डोके खिडकीकडे किंवा पाय खिडकीकडे असतील, तर सावली दोन्ही गालांवर सारखी पडते. कूस खिडकीकडे असेल, तर एक कान अंधारात जातो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला तर चादरीवरची सावली बरीच मावळते. टोपडे काढायला सांगा. गालावरची तीट आणि डोळ्यांतले काजळ आईकडूनच ओल्या कापडाने पुसून घ्या. ते क्लोन टूलने पुसायचे काम नव्हे. झबले पांढरे असेल तर बदलायला लावा, नाहीतर खांदे चादरीत विरघळतात आणि डोके अधांतरी दिसते.

पांढऱ्या चादरीवर कॅमेरा फसतो. त्याचा मीटर सगळा पांढरा भाग करडा समजून फोटो अंधारा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +1 च्या आसपास नेले की चादर कॅमेऱ्यातच जवळजवळ पांढरी येते. उरलेली कसर GIMP किंवा फोटोशॉपमधल्या Levels ने भरून काढता येते: उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू आत आणायचा आणि चादरीवरचा आकडा 245 ते 250 पर्यंत पोचला की थांबायचे. कपाळावरची चकाकी त्याआधीच फुटायला लागली, तर समजा की प्रकाशच कमी होता. फोटो पुन्हा घ्या.

पार्श्वभूमी कापून पांढरा थर लावण्याचा शॉर्टकट याच टप्प्यावर मोहात पाडतो. बाळाचे जावळ बारीक असते. ते कापणीत निघून जाते आणि डोक्याभोवती पांढरी कड उरते. कानाची पाळी गालाबरोबर सपाट होते. फाइल पडद्यावर 200 टक्के मोठी करून कानापासून कपाळापर्यंतची कड एकदा नजरेखालून घाला. कापलेला फोटो तिथे लगेच ओळखू येतो. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांचा रोख स्पष्ट आहे: उजेड-अंधार दुरुस्त करा, पण चेहऱ्याच्या रेषेला हात लावू नका.

आता माप. परदेशातल्या भारतीय दूतावासांनी 1 सप्टेंबर 2025 पासून पासपोर्टसाठी 630 × 810 पिक्सेलचा फोटो मागायला सुरुवात केली. इंदूरच्या आजी-आजोबांची नातवंडे परदेशात आहेत, त्यामुळे ही फाइलही आपल्याकडे मागितली जाते. घाबरण्याचे कारण नाही. 35 ला 45 हे प्रमाण 7 ला 9, आणि 630 ला 810 हेही 7 ला 9. म्हणजे एकाच क्रॉपमधून कागदाचा फोटो आणि अपलोडची फाइल दोन्ही निघतात.

चेहऱ्याने फोटोची 80 ते 85 टक्के जागा व्यापावी, असे दूतावासांच्या सूचनांत सांगितले आहे. समजा, मूळ फोटोत हनुवटीपासून टाळूपर्यंत 1800 पिक्सेल भरले. 1800 ला 0.8 ने भागले की क्रॉपची उंची 2250 येते; तिचे सात-नवमांश म्हणजे रुंदी 1750. GIMP च्या क्रॉप टूलमध्ये प्रमाण 35:45 असे पक्के करून हा चौकोन चेहऱ्यावर बसवा. मग Scale Image मध्ये 630 × 810 करा. चेहरा 648 पिक्सेलचा येईल. छपाईसाठी त्याच क्रॉपची दुसरी प्रत 300 डीपीआयला 413 × 531 करा. 4 × 6 इंची कागद आडवा धरला तर आठ फोटो बसतात, चार-चारच्या दोन ओळी. पांढरी पार्श्वभूमी पांढऱ्या कागदावर कुठे संपते ते कटरला दिसत नाही, म्हणून प्रत्येक फोटोभोवती फिकट करडी रेघ ठेवा. प्रिंटरमधले 'कागदभर मोठे करा' किंवा बिनकिनारीचे सेटिंग बंद करा; ते चालू राहिले की 45 मिलिमीटरचा फोटो गुपचूप मोठा होतो. पहिल्या कागदावर पट्टी लावून पाहणे हाच त्यावर उपाय.

विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये मात्र हे सरळ गणित मोडते. आयबीपीएसच्या अर्जात फोटोचे माप 4.5 × 3.5 सेंटिमीटर सांगितलेले असते आणि पिक्सेल 200 × 230. ही दोन प्रमाणे जुळत नाहीत. 7 ला 9 चा तयार फोटो 230 उंचीला आणला तर रुंदी 179 येते. मग साखळीचे चिन्ह तोडून रुंदीच्या चौकटीत 200 टाकले जाते आणि चेहरा सुमारे 12 टक्के रुंद होतो. परीक्षा केंद्रावर चेहरा जुळवून पाहणाऱ्याला तो परका वाटला, तर दोष विद्यार्थ्याचा नसतो.

योग्य मार्ग मूळ फोटोकडे परत जाण्याचा. वरच्याच उदाहरणात 2250 उंचीसाठी 200:230 या प्रमाणात रुंदी सुमारे 1957 लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना शंभरेक पिक्सेल जास्त भिंत. ती भिंत फोटोत असेल तरच हे जमते. म्हणून विद्यार्थ्याला भिंतीपासून दोन-तीन हात पुढे बसवा, कॅमेरा दीड मीटरवर ठेवा आणि चेहऱ्याभोवती सैल फ्रेम घ्या. जवळ जाऊन घट्ट घेतलेल्या फोटोत नाक मोठे येते, कान मागे जातात आणि बाजूला कापायला जागा उरत नाही.

राहिला फाइलचा आकार: 20 ते 50 केबी. डीपीआयचा आकडा बदलून तो हलत नाही, कारण 200 × 230 चे पिक्सेल 72 वरही तेवढेच आणि 300 वरही तेवढेच. JPEG निर्यात करताना GIMP मध्ये 'Show preview in image window' वर खूण केली की केबी समोर दिसतात; गुणवत्तेची पट्टी सरकवून मधला आकडा गाठा. गंमत म्हणजे साध्या पार्श्वभूमीचा फोटो इतका छान आक्रसतो की कधीकधी तो 20 च्या खाली जातो. मग गुणवत्ता वाढवा आणि सबसॅम्पलिंग 4:4:4 ठेवा. पिक्सेल वाढवू नका.

वाचक मित्रांना विनंती एवढीच, की गिऱ्हाइकाला कापलेली फाइल देताना सैल फ्रेमची मूळ फाइलही द्या आणि तिच्या नावात तारीख घाला. पुढचा अर्ज वेगळे माप मागणारच. त्या दिवशी ताणायची वेळ येऊ नये, ही जबाबदारी फोटो काढणाऱ्याची आहे.